उशीर 'झाला' की 'आमच्याकडून झाला'? दिलगिरीच्या एका ईमेलचा पाठ



पत्रलेखन शिकवताना आपण मागणीपत्र शिकवतो, विनंतीपत्र शिकवतो, तक्रारपत्रही शिकवतो. दुकानदाराने ठरल्या दिवशी पुस्तके पाठवली नाहीत, म्हणून त्याला खडसावणारे पत्र आपली मुले अगदी झोकात लिहितात. पण त्या दुकानदाराने उलट काय लिहावे? हे मी इतक्या वर्षांत एकदाही शिकवले नव्हते. ते मलाच शिकावे लागले, गेल्या जूनमध्ये, रात्री साडेनऊ वाजता आलेल्या धाकट्या भावाच्या फोनमुळे.

भावाचा छोटा छापखाना आहे. प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेने त्याच्याकडे 96 पानी कार्यपुस्तिकेच्या 1500 प्रती छापायला दिल्या होत्या. प्रत 60 रुपये, म्हणजे सगळे मिळून 90,000 रुपयांचे काम. माल 9 जूनला पोचवायचा, कारण 12 जूनला प्रशिक्षण सुरू होणार, हे खरेदी आदेशातच लिहिलेले होते. छपाई वेळेत झाली. पण 7 जूनला बांधणीच्या यंत्राचा गोंद वितळवणारा हीटर गेला. तोवर 600 प्रती बांधून झाल्या होत्या, 900 प्रतींचे नुसते घडी घातलेले फॉर्म पडून होते.

भावाने काय केले? आपण सगळेच करतो तेच. "उद्यापर्यंत होईल दुरुस्त" म्हणत दोन दिवस गप्प बसला. 9 तारखेला संध्याकाळी संस्थेच्या मॅडमचाच फोन आला, "गाडी कुठपर्यंत आलीय?" तेव्हा कुठे याला तोंड उघडावे लागले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे, आता जे काही आहे ते मेलवर लेखी कळवा."

"ताई, जरा मेल लिहून दे गं. माझे शब्द उलटसुलट होतात."

त्याने स्वतः लिहिलेला मसुदा आधी पाठवला होता. तो असा:

"मॅडम, ही सर्वस्वी आमचीच चूक आहे. आमच्या निष्काळजीपणामुळे कराराचा भंग झाला आहे. तुमचे जे काही नुकसान होईल ते सर्व आम्ही भरून देऊ. कृपया माफ करावे."

वाचून मला बरेच वाटले, खोटे कशाला सांगू! मनात आले, प्रामाणिक आहे पोरगा. भाषेची शिक्षिका म्हणून मी फक्त एक-दोन शब्द बदलले असते आणि पाठव म्हणाले असते. पण आमच्या शेजारी वकिली करणाऱ्या एक काकू राहतात. सहज म्हणून त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "यातली माहिती कोणती, भावना कोणती आणि निकाल कोणता, सांग बरं."

मला कळेना. मग त्यांनी एकेक वाक्य घेतले.

"माल 9 तारखेला पोचला नाही" ही माहिती. ती मेलमध्ये लिहिली काय, न लिहिली काय, खरीच आहे. उद्या माल पोचेल तेव्हा चलनावर जी तारीख पडेल, तीच ते सिद्ध करील. ती लपवण्यात काही अर्थ नाही. "आम्हाला वाईट वाटते" ही भावना. ती मोकळेपणाने लिहावी. पण "निष्काळजीपणामुळे" आणि "कराराचा भंग" हे निकाल आहेत. निष्काळजीपणा होता की नाही, करार मोडला असे म्हणायचे की नाही, हे सगळी कागदपत्रे पाहून ठरवायचे असते, गरज पडली तर न्यायालयाने. आणि "जे काही नुकसान होईल ते सर्व" हा तर कोरा चेक.

आता इथे थोडा कायदा समजून घेऊ. काकूंनी मला जसा सांगितला तसाच, सोप्या शब्दांत सांगते. आपल्याकडे करारांसाठी 1872 चा भारतीय करार कायदा आहे. त्याचे कलम 73 म्हणते की करार मोडला तर समोरच्याला भरपाई मिळते, पण कशाची? त्या मोडण्यातून स्वाभाविकपणे झालेल्या नुकसानीची, किंवा असे नुकसान होऊ शकते हे करार करतानाच दोघांना माहीत होते, त्याची. लांबच्या, आडवळणाच्या नुकसानीची नाही. भावाच्या खरेदी आदेशात प्रशिक्षणाची तारीख लिहिलेली होती. म्हणजे पुस्तिका नसल्याने प्रशिक्षण बुडाले तर काय होईल, हे त्याला माहीत नव्हते असे म्हणता येणार नव्हते. तेवढी जोखीम होतीच.

पण त्याच आदेशात आणखी एक ओळ होती, जी भावाने सही करताना नीट वाचली नव्हती: उशीर झाल्यास दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला बिलाच्या 1 टक्का कपात, जास्तीत जास्त 5 टक्के. करारातच अशी रक्कम ठरलेली असेल, तर कलम 74 प्रमाणे त्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाई मिळते. म्हणजे हिशेब असा की आठवड्याच्या आत माल दिला तर कपात 900 रुपये, आणि कितीही उशीर झाला तरी 4500 च्या वर नाही. आणि आमचे बंधुराज रात्री साडेनऊला लिहून देत होते, "जे काही होईल ते सर्व"! सभागृहाचे भाडे, प्रशिक्षकांचे मानधन, प्रवासखर्च, सगळे. कायद्याने किंवा कराराने मागितले नव्हते तेवढे तो स्वतःहून देऊ करत होता, तेही लेखी.

"पण मेल म्हणजे काय, साधा निरोप," मी म्हटले. काकू हसल्या. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यापासून इलेक्ट्रॉनिक नोंदीला आपल्याकडे कायदेशीर मान्यता आहे. पुराव्याचा जुना कायदा 1872 चा होता, त्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. पक्षकाराने स्वतः दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येते. ती अंतिम पुरावा ठरतेच असे नाही, पण "मी तसे लिहिले होते खरे, पण..." असे म्हणत बसण्याची पाळी आपल्यावर येते. काही देशांत यासाठी वेगळे कायदे आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2006 पासून माफी मागणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे, असे कायद्यातच लिहिले आहे. आपल्याकडे असे सर्वसाधारण संरक्षण नाही. म्हणून आपले शब्दच जपून वापरावे लागतात.

आता गंमत ऐका. हे सगळे ऐकून मी दुसऱ्या टोकाला गेले. अर्ध्या तासात मी दुसरा मसुदा लिहिला:

"काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव सदर मालाच्या पुरवठ्यास विलंब झाला आहे. तसेच आपल्याकडून मुद्रितप्रतीस मंजुरी तीन दिवस उशिरा प्राप्त झाली होती, हे नमूद करण्यात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी."

मंजुरीची गोष्ट खरी होती. संस्थेने 28 मेला मंजुरी द्यायची ठरले होते, ती 31 मेला दिली. मला वाटले, किती सावध लिहिले मी! काकूंनी वाचले आणि म्हणाल्या, "हे तुला कुणी पाठवले असते तर?"

मी स्वतःला मॅडमच्या जागी ठेवून पाहिले आणि माझेच डोके तापले. तीन दिवसांवर प्रशिक्षण आले आहे, पुस्तिका नाहीत, आणि हे गृहस्थ मला सांगतात की चूक तुमची आहे! पुस्तिका कधी येणार याचा तर पत्ताच नाही. माणूस वकिलाकडे जातो तो बहुतेक वेळा अशा पत्रामुळेच.

इथे आपल्या व्याकरणाचा एक धडा दडलेला आहे, तो मला फार आवडला. तीन वाक्ये शेजारी ठेवून पाहा.

उशीर झाला.
आम्ही उशीर केला.
आमच्याकडून उशीर झाला.

पहिल्या वाक्यात कर्ता कोण? उशीर! उशीरच झाला, माणूस कुठेच नाही. जणू पाऊस पडला तसा उशीर पडला. वाचणाऱ्याला हे लगेच कळते आणि टोचते. दुसऱ्या वाक्यात माणूस आला, पण मुद्दाम केल्याचा वास येतो. शिवाय ते खरेही नाही, उशीर करायचा म्हणून कुणी केला नव्हता. तिसऱ्या वाक्यात 'आमच्याकडून' हा एकच शब्द माणसाला परत जागेवर आणतो, आणि हेतूचा आरोप मात्र करत नाही. काम आमच्याकडे होते, ते आमच्याकडून वेळेत झाले नाही. यात लपवाछपवी नाही, निकालही नाही. जबाबदारी घेणे म्हणतात ते हेच. 'निष्काळजीपणा', 'कसूर', 'भंग', 'नुकसानभरपाई', 'सर्वस्वी' हे शब्द न वापरताही ती घेता येते.

मग आम्ही दोघींनी बसून तिसरा मसुदा केला. पण त्याआधी काकूंनी भावाला फोनवर दोन प्रश्न विचारायला लावले. एक, मॅडमना 12 तारखेला सकाळी नेमक्या किती प्रती लागतील? दोन, तू आता जी तारीख देशील ती कशाच्या भरवशावर?

पहिल्याचे उत्तर कामाच्या कागदांतच सापडले. पहिल्या दिवशी एकाच केंद्रावर 500 जण येणार होते. आणि बांधलेल्या 600 प्रती तयार होत्या! म्हणजे पहिला दिवस वाचत होता, पण हे भावाने घाबरून कुणाला सांगितलेच नव्हते. दुसऱ्यासाठी त्याने रात्रीच ओळखीच्या एका बाइंडरला गाठले. त्याच्या यंत्रावर तासाला साधारण 150 प्रती होतात. 900 प्रतींना सहा तास, मग गोंद थंड होऊन बसायला वेळ, मग तिन्ही बाजूंची कटाई, गठ्ठे, वाहतूक. बाइंडरने 10 तारखेला दुपारपासून यंत्र द्यायचे कबूल केले. भाऊ म्हणाला, 11 ला सकाळी देतो असे लिही. काकू म्हणाल्या, संध्याकाळी पाच लिही. एकदा चुकलेली तारीख माफ होते, दुसऱ्यांदा चुकलेली होत नाही.

शेवटी जो मेल गेला तो असा:

"विषय: 1500 कार्यपुस्तिका: उशिराबद्दल दिलगिरी आणि नवे वेळापत्रक

आदरणीय मॅडम,

आपल्या कार्यपुस्तिका आज, 9 जून रोजी आपल्याकडे पोचायच्या होत्या. त्या आमच्याकडून वेळेवर पोचल्या नाहीत, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. 12 तारखेचे प्रशिक्षण डोळ्यांसमोर असताना आपल्याला किती काळजी लागली असेल, याची मला कल्पना आहे.

7 जूनला आमच्या बांधणी यंत्राचा हीटर बंद पडला आणि 900 प्रतींची बांधणी थांबली. हे मी आपल्याला त्याच दिवशी कळवायला हवे होते. मी कळवले नाही, आपल्याला स्वतः फोन करावा लागला. याबद्दल विशेष क्षमा मागतो.

आता पुढील व्यवस्था केली आहे. बांधून तयार असलेल्या 600 प्रती उद्या, 10 जूनला दुपारी 12 पर्यंत आपल्या कार्यालयात पोचतील. पहिल्या दिवसाच्या 500 प्रशिक्षणार्थींना त्या पुरतील. उरलेल्या 900 प्रतींची बांधणी दुसऱ्या यंत्रावर होत असून त्या 11 जूनला संध्याकाळी 5 पर्यंत मिळतील. दोन्ही खेपांचा वाहतूक खर्च सौजन्य म्हणून आम्ही करत आहोत.

उद्या सकाळी 10 वाजता गाडी निघाल्यावर मी स्वतः फोन करीन. एखाद्या केंद्रावर प्रती थेट पोचवायच्या असतील तर कृपया कळवावे.

आपला,"

आणि खाली भावाचे नाव.

आता यातल्या काही जागा तुम्हाला दाखवते, कारण त्यांवरच आमचा सर्वांत जास्त वेळ गेला.

हीटर 'अचानक' बंद पडला असे लिहिलेले नाही. का? तर तो महिनाभर कुरकुर करत होता, हे भावाने आम्हाला सांगितले. माझ्या मसुद्यात 'अचानक' होते. काकूंनी ते खोडले. "दिलगिरीच्या मेलमध्ये सगळी चौकशी मांडायची गरज नाही. पण जे लिहाल ते खरेच हवे. उद्या कुणी विचारले तर हा एक शब्द सगळ्या मेलला खोटे पाडेल." भावाच्या मनात तर "गाडी वाटेत बंद पडली" असे लिहायचेही येऊन गेले होते! दायित्व कबूल न करणे आणि खोटे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या एका खोडलेल्या शब्दामुळे समजले.

मंजुरी तीन दिवस उशिरा आल्याचा उल्लेख काढून टाकला. त्याने हक्क गेला का? नाही. 31 मेचा मंजुरीचा मेल दोघांकडेही आहेच. वाद झालाच असता तर तो दाखवता आला असता. फक्त 'सर्वस्वी आमच्यामुळे' असे लिहून आपणच तो दरवाजा बंद करायचा नाही, एवढेच.

वाहतूक खर्चाला 'सौजन्य म्हणून' म्हटले आहे, 'भरपाई म्हणून' नाही. भरपाई म्हटले की कशाची आणि मग एवढीच का, हे प्रश्न येतात. मीच विचारले होते, वर "आमच्या हक्कांना बाधा न येता" असे टाकायचे का? सिनेमात वकील लिहितात तसे. काकू म्हणाल्या, ते शब्द तडजोडीची बोलणी पुराव्यात येऊ नयेत म्हणून असतात. पैशांची घासाघीस करायची वेळ आली तर तिच्यासाठी वेगळा मेल करा, तिथे ते शोभतील. दिलगिरीच्या डोक्यावर ते लिहिले तर दिलगिरीच पातळ होते, आणि साधी माहिती तशी झाकलीही जात नाही.

पुढे काय झाले? मॅडमचे उत्तर दोन ओळींचे होते: "मिळाले. 600 प्रती थेट केंद्रावर पाठवा." 10 तारखेला साडेअकराला प्रती पोचल्या, 11 ला साडेचारला उरलेल्या. बिलातून करारानुसार 900 रुपये कापले गेले, भावाने ते मान्य केले. मेलचे शब्द कितीही जपून लिहिले तरी करारात मान्य केलेली कपात टळत नाही आणि टळूही नये. संस्थेचे पुढचे काम मिळाले का, असे विचाराल तर अजून नाही. दरपत्रक मात्र मागवले आहे.

एक मर्यादाही सांगून ठेवते. हे 90,000 रुपयांचे काम होते आणि माल दोन दिवसांत देता येत होता. रक्कम मोठी असेल, समोरून नोटीस आली असेल किंवा कुणाला इजा झाली असेल, तर मेल पाठवण्याआधी वकिलाला दाखवाच. आणि विमा असेल तर विमा कंपनीलाही आधी विचारा, कारण आमच्या संमतीशिवाय दायित्व कबूल करू नका अशी अट अनेक विम्यांत असते.

हा प्रसंग मी नावे वगळून वर्गात सांगितला. तिन्ही मसुदे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला, "बाई, तुम्हीच सांगता ना, चूक झाली तर सरळ कबूल करायची? मग हे काय?"

प्रश्न बिनतोड होता. मी थोडा विचार केला आणि त्यालाच विचारले, "या शेवटच्या मेलमध्ये भावाने काय लपवले, शोध." त्याने दोनदा वाचले. उशीर सांगितला आहे, कुणाकडून झाला ते सांगितले आहे, कळवले नाही हे तर कुणी न विचारता सांगितले आहे. "मग काय नाही सांगितले?" तो म्हणाला, "किती पैसे द्यायचे ते." मी म्हटले, "बरोबर. कारण ते करारात ठरलेले आहे. रात्री घाबरून एकट्याने ठरवायची ती गोष्ट नव्हे." तो बसला, पण त्याला पूर्ण पटले असे मला वाटले नाही. आणि खरे सांगू? घरी आईला "माझं चुकलं" म्हणताना त्याने शब्द मोजू नयेत, असे मलाही वाटते.

तुमच्या वर्गात करून पाहायचे असेल तर एक छोटा उपक्रम देते. मुलांना हा प्रसंग द्या: शिंप्याने स्नेहसंमेलनाचे 40 पोशाख ठरल्या दिवशी दिले नाहीत, 25 तयार आहेत, संमेलन परवा आहे. शिंप्याच्या वतीने आठ ओळींचा मेल लिहायचा. तपासताना फक्त तीन प्रश्न विचारा. 'आमच्याकडून' कुठे आहे? नवी तारीख आणि आकडा कुठे आहे? आणि एखादा निकाल किंवा एखादे खोटे विशेषण चोरून आत शिरले आहे का? मुलांनी लिहिलेले मसुदे मला जरूर पाठवा. मी भावालाही दाखवीन.